दिवसाचा दीड जीबी दुपारी बारालाच कसा संपतो?

आप्पा_देवरुख

सर्वांना नमस्कार. वय ७३, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. देवरुखपासून थोडं आत आमची वाडी आहे. गणपतीत मुलीने मोठ्या स्क्रीनचा फोन आणून दिला. त्याआधी बटणांचा होता, त्यात बॅलन्स टाकला की विषय संपला.

आता दुकानदाराने २८ दिवसांचा प्लॅन मारून दिलाय. रोज दीड जीबी, बोलणं कितीही, रोज शंभर एसएमएस. पण दुपारी बारा-साडेबाराला मेसेज येतो की आजचा डेटा शंभर टक्के वापरून झाला. मी सकाळी पूजा-चहा होईपर्यंत कीर्तन ऐकतो, गटात आलेलं बघतो, बस्स. मग दीड जीबी खातो कोण?

दुसरं, संपला म्हणतात तरी व्हॉट्सॲपवर लिहिलेलं जातं. मग संपला तो काय?

तिसरं, दुकानदाराकडून वर आणखी ६ जीबी घेतला. दोन दिवसांत तोही गेला. त्या दोन दिवसांत मी ६ जीबी वापरलेला नाही, हे शपथेवर सांगतो.

चौथं, दिवाळीनंतर मुलीकडे बेळगावला जायचंय. रोमिंग लागेल का?

लेक सांगते, पण फार भरभर सांगते. म्हणून इथे विचारतोय.

मेघा_सातारा

आप्पा, गॅलरीतले जुने फोटो आणि व्हिडिओ काढून टाका. आईच्या फोनला असंच व्हायचं, सारखं "जागा नाही" यायचं. गुड मॉर्निंगचेच हजारेक फोटो निघाले. साफ केल्यावर फोन पळायला लागला.

आप्पा_देवरुख

मेघाताई, कालच दोनशे फोटो काढले. दुपारी मेसेज आलाच.

खटपट्या

येणारच. (माझं चिपळुणात रिचार्ज आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, हे प्रश्न रोजचे आहेत.) मेघाताई म्हणतात तो जीबी फोनच्या पोटातला. फोटो काढले की ती जागा परत मोकळी होते. आप्पांचा जीबी कंपनीकडून रोज मिळतो तो. एखादा व्हिडिओ एकदा फोनवर उतरला की त्याचा डेटा खर्ची पडला. नंतर तो पुसा नाहीतर ठेवा, खर्ची पडलेलं परत जमा होत नाही. मोजायला दोन्हीकडे जीबीच, म्हणून घोळ होतो.

आधी दुसरा प्रश्न घेतो, तो सोपा आहे. दीड जीबी संपला की कंपनी नेट तोडत नाही, वेग पाडते. बहुतेक प्लॅनमध्ये तो ६४ केबीपीएसवर येतो. नगरपालिकेचं पाणी गेल्यावर नळाला जी करंगळीएवढी धार उरते ना, तशी. त्या वेगात सेकंदाला साधारण आठ किलोबाइट येतात. तुम्ही लिहिलेल्या चार ओळी एवढ्याशा असतात, त्या जातात. तीन एमबीचा फोटो यायला सहा मिनिटांच्या वर लागतात. व्हिडिओचा तर विषयच नको, तो अगदी हलक्या चित्रातही याहून जास्त मागतो, म्हणून गोल फिरत बसतो. रात्री बाराला नवा दिवस धरतात आणि पुन्हा दीड जीबी मिळतो. या प्लॅनमध्ये वरचं बिल चढत नाही, काळजी नको.

आता खातो कोण ते शोधू. फोनच्या सेटिंगमध्ये डेटा युसेज असं असतं, त्यात ॲपवार आकडे दिसतात. काही फोन "आज" वेगळं दाखवतात, काही फक्त महिन्याचं. महिन्याचं असेल तर उठल्यावर आकडे लिहून ठेवा, मेसेज आला की पुन्हा लिहा आणि वजाबाकी करा. अव्वल कारकुनाला मी काय सांगणार.

नाना_पाटील

आप्पा, रोजचा उरलेला डेटा वाया जात नाही, दुसऱ्या दिवशी जमा होतो. म्हणून एक दिवस नेट बंद ठेवायचं, दुसऱ्या दिवशी तीन जीबी मिळतो. मी असंच करतो.

खटपट्या

नाना, तुमचं सिम व्हीआयचं असणार. त्यांच्या काही प्लॅनमध्ये सोमवार ते शुक्रवार उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो. तेही त्या प्लॅनवर लिहिलेलं असेल तरच. दुसऱ्याच दिवशी दुप्पट मिळत नाही. इतरांकडे साधारणपणे रात्री बारा वाजता उरलेलं सगळं जातं.

नाना_पाटील

सिम त्यांचंच आहे. पण मला मंगळवारीसुद्धा जास्त मिळाल्यासारखं वाटलं होतं.

खटपट्या

आदल्या दिवशी नेट बंद होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी भरपूर वाटलं असेल. 🙂

आप्पा_देवरुख

माझा फोन महिन्याचंच दाखवतो. सकाळी सहाला आणि दुपारी मेसेज आल्यावर टिपून वजाबाकी केली. युट्यूब ८४०, व्हॉट्सॲप ३९०, फेसबुक १६०, प्ले स्टोअर ९५. हे सगळे एमबी. बाकी किरकोळ. बेरीज १४८५, म्हणजे दीड जीबीचा हिशेब जुळतो.

पण युट्यूब ८४० कसं? मी बघतच नाही! फोन देवघराच्या फळीवर उपडा ठेवतो आणि ऐकतो. फेसबुक तर मी दहा मिनिटंही उघडत नाही. प्ले स्टोअर काय आहे तेच मला माहीत नाही.

खटपट्या

फोन उपडा ठेवला तरी चित्र येतच असतं, आप्पा. स्क्रीन चालू आहे तोवर युट्यूबला कळत नाही की तुम्ही बघताय की नुसतं ऐकताय. आणि हे चित्र आधी पूर्ण उतरवून मग दाखवतात असं नसतं. तुम्ही ऐकत असता तेव्हाच ते पुढचा-पुढचा तुकडा ओढत असतं, म्हणून जितका वेळ चालू तितका खर्च. मुलं याला स्ट्रीमिंग म्हणतात. टीव्हीचं तसं नाही. डिशवर दिवसभर टीव्ही लावला तरी पैसे तेवढेच.

खर्च चित्राच्या बारकाईवर ठरतो. मधल्या प्रतीचं ४८० चित्र असेल तर तासाला अंदाजे ५०० एमबी. ७२० झालं की तासाला एक जीबीच्या वर सहज जातं. सगळ्यात हलकं १४४, त्याला शंभरेक एमबीत तास निघतो. कीर्तनकाराच्या फेट्याची जर थोडी अस्पष्ट दिसेल, आवाजात विशेष फरक नाही. तुमचे ८४० म्हणजे ४८० वर पावणेदोन तास. कीर्तन किती वेळाचं असतं?

आप्पा_देवरुख

पाऊण तासाचं. संपलं की मी परसात जातो.

खटपट्या

मग उरलेला तास परसात गेला. कीर्तन संपल्यावर युट्यूब आपणहून दुसरं लावतं, त्याला ऑटोप्ले म्हणतात. तुम्ही झाडांना पाणी घालताय आणि फळीवर कोणीतरी ठेच्याची पाककृती सांगतंय.

दोन गोष्टी करा. व्हिडिओ चालू असताना वर Autoplay चं छोटं बटण दिसतं, ते बंद करा. मग युट्यूबच्या सेटिंगमध्ये Video quality वर जाऊन मोबाइल नेटवर्कसाठी Data saver निवडा. त्याने तो आपणच हलकं चित्र घेतो. १४४ किंवा २४० वर पक्का ठेवायचा असेल तर व्हिडिओ चालू असताना दाताच्या चाकाची खूण दाबून Quality मधून निवडता येतो, पण ते त्या-त्या व्हिडिओपुरतं.

मेघा_सातारा

त्यापेक्षा रेडिओ का नाही लावत? रत्नागिरी आकाशवाणी तिथे लागत असेलच. सकाळी भक्तिसंगीत असतंच आणि डेटा शून्य.

आप्पा_देवरुख

रेडिओ आहे. पण मला हवे ते बुवा हव्या त्या वेळी रेडिओवर नसतात.

शिल्पा_कुवेत

आप्पा, व्हॉट्सॲपचे ३९० बहुतेक गटातल्या व्हिडिओंचे. माझ्या सासऱ्यांचे गट आठ, त्यात सकाळच्या शुभेच्छा व्हिडिओसकट. एकेक पाच-दहा एमबीचा. तुम्ही उघडला नाहीत तरी तो उतरतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये Storage and data, त्यात Media auto-download. तिथे When using mobile data वर जाऊन चारही खुणा काढा. मग प्रत्येक फोटोवर खाली बाण दिसेल, दाबाल तोच येईल. नातवाचा फोटो असेल तर दाबा, सूर्योदय असेल तर सोडून द्या.

त्याच पानावर Use less data for calls आहे, ते चालू करा. मी कुवेतहून आईला व्हिडिओ कॉल करते तेव्हा अर्ध्या तासाला दीडशे-दोनशे एमबी जातात. त्याने थोडे कमी होतात, चित्र जरा खडबडीत येतं.

खटपट्या

शिल्पाताईंनी माझं काम हलकं केलं. प्ले स्टोअरचे ९५ म्हणजे ॲप आपोआप अपडेट होत होते. तिथे Auto-update apps मध्ये Over Wi-Fi only करा. वायफाय नसेल तर ते अडून राहतील. बँकेचं ॲप तरी महिन्यातून एकदा हाताने अपडेट करा, नाहीतर एके दिवशी उघडायचंच थांबेल.

तिसऱ्या प्रश्नासाठी एक सांगा. ६ जीबी घेतला तेव्हा २८ दिवसांपैकी कितवा दिवस होता?

आप्पा_देवरुख

वहीत बघून सांगतो. रिचार्ज ३ तारखेचं. ६ जीबी घेतला २८ तारखेला. ३१ तारखेला सकाळी पोरगं म्हणालं, "आजोबा, प्लॅन संपला", मग पुन्हा पूर्ण रिचार्ज केलं. पण ६ जीबी परत दिसला नाही.

खटपट्या

बरोबर. ३ पासून २८ दिवस मोजले की ३० तारखेच्या रात्री प्लॅन संपतो. तुम्ही घेतलेला पॅक मूळ प्लॅनच्या व्हॅलिडिटीवर टेकलेला होता. मूळ प्लॅन ३० ला संपला, त्याच क्षणी उरलेला ६ जीबीही बाद. वापरलात किती याला काही अर्थ नाही. नवं रिचार्ज केलं तरी जुना पॅक जिवंत होत नाही.

असे वरचे पॅक दोन-तीन तऱ्हेचे असतात. एक मूळ प्लॅन असेपर्यंत चालतो. एक त्या दिवसापुरता, काही तर तासाभरापुरते. एखाद्याला स्वतःचे ठरलेले दिवस असतात, पण तेही मूळ प्लॅन चालू असेल तरच उपयोगी पडतात. काही जणांना वाटतं हा टाकला की फोन चालेल. चालत नाही, त्यात बोलणं नसतं. दुकानदाराने २८ तारखेला निदान विचारायला हवं होतं की प्लॅन कधी संपतोय.

आप्पा_देवरुख

त्याने विचारलं नाही, मीही पाहिलं नाही. दुकान चांगलं आहे, नाव घेत नाही.

पण हे २८ दिवस का? महिना पूर्ण का नाही? आम्ही पगार, भाडं, दूध सगळं महिन्याने मोजलं.

कोकणी_मेवा

कारण २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज. तेरावा पगार त्यांना, आपल्याला नाही.

खटपट्या

हिशेब बरोबर आहे. यावर ओरड झाली म्हणून २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलं की प्रत्येक कंपनीने निदान एक तरी ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला करता येणारा प्लॅन ठेवायचा. ते आहेत. आप्पा, दुकानदाराला "त्याच तारखेचा दाखव" म्हणा. फक्त त्यात रोजचा डेटा वेगळा असू शकतो, तो विचारा.

आणि प्लॅन संपायची तारीख वहीत लिहाच. संपला की आउटगोइंग लगेच थांबतं, इनकमिंग काही दिवस चालतं आणि तेही थांबतं. तुमच्या पेन्शनच्या बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. नंबर ९० दिवस काहीच न वापरता पडून राहिला तर तो बंद करून दुसऱ्याला दिला जाऊ शकतो.

नाना_पाटील

संपायच्या आधी रिचार्ज केलं तर उरलेले दिवस बुडतात ना? म्हणून मी संपू देतो.

खटपट्या

पूर्वी काही पॅकना तसं व्हायचं. आता मूळ प्लॅन आधी मारला तर तो रांगेत राहतो आणि जुना संपला की सुरू होतो, निदान मी रोज मारतो त्या मोठ्या प्लॅनमध्ये. पण पैसे देण्याआधी दुकानदाराला स्क्रीनवर दाखवायला सांगा.

सुलभा_म

रोमिंगवरून आठवलं. आम्ही शारजाला मुलाकडे गेलो. ह्यांचा फोन पोस्टपेड. विमानातून उतरल्यावर फोन लावला, रोमिंगचा पॅक घेतलेला नव्हता आणि डेटा रोमिंग आधीपासूनच चालू. बॅगा येईपर्यंत आपोआप गटांचे फोटो उतरले, फोटोंचं बॅकअप सुरू झालं. परत आल्यावर हजारोंचं बिल. कंपनीचं नाव घेत नाही, तक्रारी करूनही पैसे भरावे लागले. तेव्हा आप्पा, सांभाळून. आणि तिथे व्हॉट्सॲपवर बोलणं होत नाही. लिहिणं, फोटो सगळं चालतं, कॉल लागत नाही.

शिल्पा_कुवेत

अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल बंदच आहेत, सुलभाताई. माझी जाऊ दुबईला आहे, तिच्याशी बोलायला आम्ही दुसरं ॲप घेतलं. कुवेतमध्ये मात्र लागतात.

आप्पा_देवरुख

सुलभाताई, मी बेळगावला चाललोय हो, शारजाला नाही. एस.टी.ने.

खटपट्या

मग निर्धास्त जा. देशातल्या देशात कॉल, मेसेज, डेटा सगळं याच प्लॅनमधून चालतं, इनकमिंगचे पैसे नाहीत. मात्र वरच्या पट्टीत आर दिसलं आणि नेट आलं नाही, तर सेटिंगमध्ये डेटा रोमिंगचं बटण चालू करा. काही फोन दुसऱ्या सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइलसाठी पाडलेल्या दुसऱ्या विभागात, गेल्यावर त्याशिवाय नेट सोडत नाहीत. देशात ते चालू ठेवायला हरकत नाही. देशाबाहेर जाताना मात्र सुलभाताईंचं ऐका, उतरण्याआधी बंद करा.

गंमत म्हणून सांगतो. मोबाइलच्या नकाशात गोवा महाराष्ट्रात धरलंय आणि मुंबई वेगळी. म्हणून जुन्या काळी आमच्या चिपळूणच्या गिऱ्हाइकाला पणजीत रोमिंग लागायचं नाही आणि मुंबईत भावाकडे गेल्यावर लागायचं. आता ते राहिलं नाही.

कोकणी_मेवा

आप्पा, इतकी मोजामोज कशाला? ५जी फोन घ्या आणि अनलिमिटेड वापरा. माझ्या पुतण्याला डेटा संपणं माहीतच नाही.

खटपट्या

पुतण्या पुण्यात असेल. अनलिमिटेड ५जी जिओ आणि एअरटेलकडे साधारण रोज २ जीबी किंवा त्याच्या वरच्या प्लॅनवर मिळतं, आप्पांच्या दीड जीबीवर नाही. शिवाय फोन ५जी चा हवा आणि टॉवरवर ५जी हवं. वाडीत ते पोहोचलं नसेल तर फोन ४जी वर येतो आणि मग पुन्हा रोजच्या जीबीचीच मोजणी. देवरुख बाजारात उभं राहून अनलिमिटेड आणि घरी दोन जीबी, असं होईल.

सुलभा_म

मग नेटच का घ्यावं? २०२४ च्या डिसेंबरात ट्रायने सांगितलं ना, नुसतं बोलणं आणि एसएमएसचे प्लॅन ठेवा म्हणून? माझ्या आईला आम्ही तोच केलाय. ८४ दिवस बघायला नको.

शिल्पा_कुवेत

आईला व्हिडिओ कॉल नको का नातवंडांचा? मला तर आईचा चेहरा बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

सुलभा_म

नातवंडं समोरच राहतात. आप्पांचं त्यांनी ठरवावं.

आप्पा_देवरुख

नेट ठेवणार. युट्यूबचं दुसरं आपोआप लागणारं बंद केलं, चित्र हलकं केलं, व्हॉट्सॲपच्या चारही खुणा काढल्या. आज पूर्ण कीर्तन झालं, बाराच्या ठोक्याला वजाबाकी ३१० एमबी. गटात "आप्पा, फोटो बघितला का" म्हणून दोन जणांनी विचारलं, त्यांना बाण दाबायला वेळ लागला असं सांगितलं.

एकच राहिलं. फेसबुक अजून १४० वर. खुणा शोधल्या, सापडल्या नाहीत.

खटपट्या

तिथे व्हिडिओ बोट लावायच्या आधीच चालू होतात, त्यामुळे नुसतं वर सरकवत गेलात तरी खर्च. फेसबुकच्या सेटिंगमध्ये Media नावाचं पान आहे, तिथे Autoplay वर Never autoplay videos करा. नवं अपडेट आलं की हे पान इकडून तिकडे हलतं, तिथे नसेल तर वरच्या शोधाच्या खिडकीत autoplay लिहून बघा. तरी नाही सापडलं तर स्क्रीनचा फोटो टाका, संध्याकाळी दुकान बंद केल्यावर बघतो.